सुरक्षित समास : पडद्यावरील चौकटी आणि कापले जाणारे शब्द

प्रस्तावना

निवेदन, जाहिरात, कार्यक्रमपत्रिका यांचा मजकूर लिहून झाला, शुद्धलेखन तपासले, की लेखकाचे काम संपले असे आपण मानत आलो आहोत. मजकूर छापखान्यात जात होता तोपर्यंत ते बऱ्याच अंशी खरेही होते. कागद कापणाऱ्या यंत्राचे पाते कुठे पडणार हे मुद्रकाला ठाऊक असे आणि त्या रेषेपासून शब्द आत ठेवण्याची काळजी तोच घेत असे. आज अभ्यासकेंद्राचे, वाचनालयाचे किंवा महिला मंडळाचे पोस्टर तयार करणारी व्यक्ती बहुधा आपल्यापैकीच कुणीतरी असते. ती ते मोबाइलवर तयार करते आणि इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲपवर टाकते. पाते इथेही पडते. मात्र ते कुठे पडेल हे ठरवणारा मुद्रक आपल्या ओळखीचा नसतो आणि प्रत्येक ठिकाणी ते वेगळ्या जागी पडते.

या पाठात आपल्याला पाहायचे आहे ते एवढेच : चित्रात बसवलेला मराठी मजकूर वेगवेगळ्या चौकटींत कापला जातो तेव्हा नेमके काय नष्ट होते, आणि महत्त्वाचे शब्द कापले जाऊ नयेत म्हणून ते कुठे ठेवावेत. कडेपासून आत सोडलेल्या या जागेला आपण ‘सुरक्षित समास’ म्हणू. व्याकरणाच्या तासाला ज्याने आपल्याला छळले तो समास वेगळा. हा वहीच्या पानावरचा. दोहोंत साम्य शोधायचेच तर इतकेच, की दोन्ही ठिकाणी एखादे अक्षर गळले तर अर्थ बदलतो.

चौकटीचे प्रमाण

पडद्यावरील चित्राचे माप पिक्सेलमध्ये सांगतात. पिक्सेल म्हणजे चित्र ज्यांनी बनते ते सूक्ष्म ठिपके. रुंदी आणि उंची यांच्यातील नात्याला प्रमाण म्हणतात व ते लिहिताना रुंदी आधी लिहितात. १०८० पिक्सेल रुंद आणि १०८० पिक्सेल उंच असे चित्र १:१ प्रमाणाचे, म्हणजे चौरस. १०८० रुंद आणि १३५० उंच असे उभे चित्र ४:५ प्रमाणाचे. मोबाइलचा संपूर्ण पडदा व्यापणारे १०८० बाय १९२० चे चित्र ९:१६ प्रमाणाचे.

एका प्रमाणाचे चित्र दुसऱ्या प्रमाणाच्या चौकटीत बसवायचे तर दोनच मार्ग असतात. संपूर्ण चित्र लहान करून मोकळ्या जागी पट्टे सोडावेत, किंवा चौकट पूर्ण भरेल इतके चित्र ठेवून उरलेले कापावे. समाजमाध्यमे छोट्या चित्रांच्या बाबतीत बहुतेक वेळा दुसरा मार्ग पत्करतात, आणि कापताना चित्राचा मध्य धरून दोन्ही बाजूंनी सारखेच कापतात. मूळ चित्र तसेच राहते, त्यावर बोट टेकवले की ते पूर्ण दिसते. तरीही वाचणाऱ्याची पहिली भेट कापलेल्या चित्राशीच होते आणि कित्येकदा तीच शेवटचीही असते.

इन्स्टाग्रामचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. २०१० साली ते सुरू झाले तेव्हा त्यावर फक्त चौरस चित्रे टाकता येत. २०१५ मध्ये उभ्या आणि आडव्या चित्रांना परवानगी मिळाली. परंतु एखाद्या खात्याच्या प्रोफाइलवर गेल्यास तिथे एका ओळीत तीन याप्रमाणे मांडलेली चित्रे, ज्यांना ग्रिड म्हणतात, ती चौरसच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने ग्रिडचे चौरस बदलून ३:४ प्रमाणाचे उभे आयत केले. लोक बहुतांशी उभीच चित्रे व चित्रफिती टाकतात, असे कारण त्या वेळी देण्यात आले. कारण रास्त असेल, पण त्याचा परिणाम असा झाला की आधीच्या वर्षांत चौरस चौकट धरून काळजीपूर्वक रचलेली असंख्य पोस्टरे एका दिवसात दोन्ही कडांनी कापली गेली.

किती कापली गेली, हे पाहू. चित्र १०८० बाय १०८० चे आहे. ३:४ च्या चौकटीत उंची पूर्ण ठेवली तर रुंदी उंचीच्या तीन चतुर्थांश, म्हणजे ८१० पिक्सेल उरते. १०८० मधून ८१० वजा केले की २७० राहतात. ते दोन बाजूंना सारखे विभागले की डावीकडचे १३५ आणि उजवीकडचे १३५ पिक्सेल गेले. रुंदीचा चौथा हिस्सा नाहीसा झाला.

एका पोस्टरची हकिगत

हा हिशोब मी पोस्टरवरून शिकलो. एका अभ्यासकेंद्राने अनुवाद कार्यशाळेसाठी चौरस पोस्टर केले होते. वरच्या दोन ओळींत मोठ्या अक्षरांत ‘अनुवाद’ आणि ‘कार्यशाळा’, त्याखाली वार व वेळ, आणि सर्वांत खाली एक ओळ : ‘पूर्वनोंदणी आवश्यक नाही’. ही शेवटची ओळ पोस्टर करणाऱ्या विद्यार्थ्याने मुद्दाम ठसठशीत ठेवली होती. त्यामागचा हेतू उत्तम होता. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना रजा मिळेल की नाही हे आदल्या रात्रीपर्यंत ठरत नाही, त्यांना थेट येता यावे, असा. मजकूर दोन्ही कडांपासून ६० पिक्सेल आत होता. कागदावर तो समास पुरेसा दिसला असता.

कार्यशाळेच्या दिवशी अपेक्षेपेक्षा बरेच कमी लोक आले. नंतर एका विद्यार्थिनीशी बोलणे झाले. त्या दूरच्या तालुक्यातून येतात व एका दवाखान्यात काम करतात. त्या म्हणाल्या, “सर, मला यायचं होतं, पण नोंदणी लागते असं दिसलं आणि तोवर तारीख उलटली असेल असं वाटलं.” मी त्यांना पोस्टर दाखवले, तेव्हा त्यांनी आपला फोन काढून प्रोफाइलचे पान माझ्यापुढे धरले.

ग्रिडमध्ये ती ओळ अशी दिसत होती : ‘र्वनोंदणी आवश्यक ना’. डावीकडे १३५ पिक्सेल कापले गेले होते, त्यांतले ६० मोकळे होते. उरलेल्या ७५ पिक्सेलमध्ये ‘पू’ गेला. उजवीकडेही ७५ पिक्सेल गेले आणि त्यांत ‘ही’ गेला.

आता भाषेच्या अंगाने या दोन नुकसानांची तुलना करा. डावीकडचा ‘पू’ गेल्याने काहीच बिघडले नाही. ‘र्वनोंदणी’ एवढे पाहताच मराठी वाचक मनातल्या मनात ‘पूर्वनोंदणी’ पुरे करतो, कारण तिथे दुसरे काही बसतच नाही. उजवीकडे मात्र ‘नाही’चा ‘ना’ उरला, आणि मराठीत ‘ना’ हा स्वतंत्र शब्दही आहे. ‘येणार ना?’, ‘आहे ना!’ यांतला दुजोरा मागणारा किंवा ठासून सांगणारा ‘ना’. ‘आवश्यक ना’ या शब्दांतून नकार हरवला आणि होकार उमटला. घाईत पाहणाऱ्याला तर ‘आवश्यक’ एवढेच पुरले. दोन्ही बाजूंनी सारखेच पिक्सेल कापले गेले. अर्थाची हानी मात्र सारखी झाली नाही.

मराठी ओळीच्या कडांवर काय असते

मराठी वाक्यात क्रियापद सर्वसाधारणपणे शेवटी येते आणि नकारही त्याच्यासोबत शेवटीच येतो. ‘प्रवेश मिळेल’ आणि ‘प्रवेश मिळणार नाही’ यांतला फरक ओळीच्या उजव्या टोकाला असतो. इंग्रजी सूचनेत नकार बहुधा आधी येतो. म्हणून इंग्रजी पोस्टरची उजवी कड कापली गेली तर निदान नकार तरी वाचतो. इंग्रजी नमुन्यावर मराठी मजकूर बसवणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

उजव्या टोकाला विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययेही असतात. ती शब्दाला जोडून लिहिली जात असल्याने कापली गेली तरी पाठीमागे धडधाकट दिसणारा शब्द उरतो. ‘शुक्रवारपासून’ आणि ‘शुक्रवारपर्यंत’ हे दोन शब्द घ्या. दोहोंचा शेवट कापला की ‘शुक्रवारप’ उरते. त्यावरून अर्ज शुक्रवारी सुरू होणार की शुक्रवारी बंद होणार हे सांगता येत नाही. आणखी थोडे कापले तर ‘शुक्रवार’ एवढाच निर्दोष शब्द उरतो आणि काही हरवले आहे याची शंकाही येत नाही.

डाव्या कडेला धोका कमी, पण तो अगदीच नाही असे नाही. ‘अपात्र’, ‘अमान्य’, ‘अपूर्ण’ या शब्दांतला ‘अ’ गेला की उरलेला शब्द पूर्ण, शुद्ध आणि नेमका उलट अर्थाचा असतो. ‘अपात्र उमेदवारांची यादी’ ही ओळ डावीकडे कापली गेल्यावर काय होईल, याची कल्पना करा.

सर्वांत हळवी वस्तू म्हणजे अंक. शब्दाचा तुकडा पाहून वाचक उरलेला भाग ओळखू शकतो, कारण भाषेत गरजेपेक्षा थोडी जास्त माहिती नेहमीच भरलेली असते. अंकांत ही सोय नाही. ‘१५ जून’मधला १ गेला की ‘५ जून’ उरतो आणि तीही खरीच तारीख असते. ‘११ वाजता’चे ‘१ वाजता’ होते. म्हणून तारीख, वेळ आणि दूरध्वनी क्रमांक यांना ओळीच्या टोकाला बसवण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

वर आणि खाली

उभे पोस्टर चौरस चौकटीत जाते तेव्हा वर-खाली कापले जाते. इन्स्टाग्रामचे ग्रिड आता चौरस नसले तरी चौरस चौकटी संपलेल्या नाहीत. व्हॉट्सॲपवर चार-पाच चित्रे एकदम पाठवली की ती चौरसांच्या जुडग्यात दिसतात. फोनमधला छायाचित्रांचा संग्रह उघडला तर तिथेही चौरसच असतात. ४:५ च्या पोस्टरची उंची १३५० आहे, चौरसात १०८० मावते. म्हणजे वरून १३५ आणि खालून १३५ पिक्सेल जातात.

देवनागरीची रचना इथे महत्त्वाची ठरते. व्यंजनाचे मुख्य रूप शिरोरेषेखाली असते, तर कित्येक स्वरांच्या खुणा, अनुस्वार आणि रफार हे शिरोरेषेच्या वर असतात. पाते ओळीच्या मधोमध पडले तर अक्षरे उघडउघड तुटलेली दिसतात आणि वाचक चित्र उघडून पाहतो. पाते शिरोरेषेला लागून पडले तर मात्र अक्षरे शाबूत दिसतात आणि शब्द दुसराच होतो. ‘मोती’ हा शब्द लिहून त्याच्या शिरोरेषेवरचा भाग कागदाने झाका. ‘ो’ मधला काना उरतो, ‘ी’ मधलाही काना उरतो, आणि तुमच्यासमोर ‘माता’ येते. ‘मेळ’चा ‘मळ’ होतो, ‘मार्ग’चा ‘माग’, ‘मंद’चा ‘मद’. खालची कड कापली गेली तर ऱ्हस्व-दीर्घ उकार जातात : ‘सुकाळ’चे ‘सकाळ’ होते, ‘गुण’चे ‘गण’. (‘रु’ आणि ‘रू’ मधले उकार अक्षराच्या कुशीत असतात, त्यामुळे ते बहुधा वाचतात.)

पाते इतके नेमके पडण्याचा योग रोज येत नाही, हे मान्य. पण यातून मोजमापाचा एक नियम मिळतो, जो रोज उपयोगी पडतो. वरच्या ओळीचे कडेपासूनचे अंतर शिरोरेषेपासून मोजू नये. वेलांटी, मात्रा किंवा रफार यांच्या सर्वांत उंच टोकापासून मोजावे. खालच्या ओळीचे अंतर अक्षराच्या पायापासून मोजू नये. उकाराच्या तळापासून मोजावे. पोस्टर करण्याच्या काही साधनांत मजकुराभोवती दिसणारी चौकट या खुणांना पुरेशी सामावून घेत नाही, म्हणून चौकटीवर विसंबण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले बरे.

सुरक्षित क्षेत्र काढण्याची रीत

रीत सोपी आहे. आपले चित्र ज्या ज्या चौकटींत दिसणार आहे त्या सर्व एकमेकींवर ठेवायच्या आणि सर्वांना सामाईक असलेला भाग काढायचा. त्या भागात जे असेल ते कुठेच कापले जाणार नाही.

समजा, आपण १०८० बाय १३५० चे पोस्टर करत आहोत. ते तीन प्रकारे दिसेल : मूळ ४:५ मध्ये पूर्ण, ग्रिडच्या ३:४ मध्ये, आणि इतरत्र १:१ मध्ये. ग्रिडसाठी १३५० चे तीन चतुर्थांश काढा. ते येतात १०१२.५, म्हणजे प्रत्येक बाजूचे साधारण ३४ पिक्सेल गेले. चौरसासाठी वरचे व खालचे १३५ गेले, हे आपण पाहिलेच. दोन्ही एकत्र केले की डाव्या कडेपासून ३४ ते १०४६ आणि वरच्या कडेपासून १३५ ते १२१५ एवढा आयत उरतो.

हा आयत म्हणजे पाते पडण्याची रेषा. शब्द या रेषेला टेकवून ठेवले तर कापले जाणार नाहीत, पण चेंगरलेले दिसतील आणि वाचायला त्रास होईल. म्हणून आणखी पन्नास-पंचावन्न पिक्सेल आत यावे. हिशोब सोपा राहावा म्हणून मी डावी-उजवी मर्यादा ९० आणि ९९०, वरची-खालची १९० आणि ११६० अशी धरतो. म्हणजे ९०० रुंद व ९७० उंच असे क्षेत्र मिळते. पोस्टर करण्याच्या बहुतेक साधनांत मार्गरेषा आखण्याची सोय असते. या चार रेषा एकदा आखून ते रिकामे चित्र नमुना म्हणून जपून ठेवले की पुन्हा हिशोब करावा लागत नाही.

आता एक प्रामाणिक अडचण. सगळाच मजकूर या क्षेत्रात कोंबायला गेलो तर अक्षरे बारीक होतात, आणि ग्रिडमध्ये ती आधीच बारीक झालेली असतात. तिथे एका ओळीत तीन चित्रे मावतात, म्हणजे प्रत्येक चित्र जवळजवळ एक तृतीयांश आकाराचे दिसते. मूळ चित्रात ४० पिक्सेलचे अक्षर तिथे तेरा-चौदा पिक्सेलचे होते आणि त्यावरचा अनुस्वार जेमतेम एक-दोन ठिपक्यांचा उरतो. तो कापला गेला नाही तरी दिसत नाही, म्हणजे गेल्यातच जमा. त्यामुळे निवड करावीच लागते. काय, केव्हा, कुठे आणि वाचणाऱ्याचा निर्णय ज्यावर ठरेल ती अट, एवढेच सुरक्षित क्षेत्रात मोठ्या अक्षरांत यावे. आयोजकांची नावे, बोधचिन्हे, ‘सर्वांचे स्वागत आहे’ यांसारखी वाक्ये त्याबाहेर राहिली तर चालते. (अध्यक्षांचे नाव बाहेर ठेवल्यास कुणाला राग येईल, हा प्रश्न मांडणीचा नाही, त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही.)

कडेला सजावटीची बारीक चौकट आखण्याची आपल्याकडे आवड आहे. लग्नपत्रिकेवर ती शोभते. इथे मात्र ग्रिडमध्ये तिच्या डाव्या-उजव्या रेषा नाहीशा होतात आणि वर-खाली दोन पट्ट्या लोंबकळत राहतात. तिच्याऐवजी कडेपर्यंत एकच रंग भरावा. तो कितीही कापला तरी कळत नाही.

आधीच्या पोस्टरचे पुढे काय झाले ते सांगतो. नव्या सत्रात त्याच विद्यार्थ्याने ते ४:५ मध्ये पुन्हा रचले. त्याने केवळ अक्षरे आत सरकवली नाहीत, ओळही मोडली. ‘पूर्वनोंदणी’ एका ओळीवर आणि ‘आवश्यक नाही’ त्याखाली, दोन्ही मध्यभागी. दुसरी ओळ सुमारे ५३० पिक्सेल रुंद झाली, म्हणजे २७५ पासून ८०५ पर्यंत. उद्या ग्रिड पुन्हा बदलले आणि दोन्ही बाजूंनी अडीचशे पिक्सेल गेले तरी ‘नाही’ जागेवर राहील. मी त्याला आणखी एक पर्याय सुचवला होता : ‘पूर्वनोंदणीविना प्रवेश’. यात नकार शब्दाच्या पोटात जातो आणि ओळीच्या टोकाला ‘प्रवेश’ येतो. तो तुटला तरी अर्थ उलटत नाही. विद्यार्थ्याने तो नाकारला. ‘विना’ पोस्टरवर कोरडे वाटते, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते मला पटले.

कापणे आणि झाकणे

चित्रफितीच्या मुखचित्राला हाच हिशोब लागू पडतो. ९:१६ चे १०८० बाय १९२० चे मुखचित्र ३:४ च्या ग्रिडमध्ये १४४० उंचीचे उरते. वरचे व खालचे २४० पिक्सेल जातात. शीर्षक वरच्या टोकाला ठेवण्याची सवय असेल तर ते ग्रिडमध्ये दिसणारच नाही.

चित्रफितीत आणि स्टोरीत आणखी एक गोष्ट घडते. चित्र कापले जात नाही, पण त्यावर खात्याचे नाव, बटणे, उत्तर लिहिण्याची जागा अशा गोष्टी येऊन बसतात. स्टोरीच्या जाहिराती करणाऱ्यांना मेटा कंपनी वरचा सुमारे १४ टक्के आणि खालचा सुमारे २० टक्के भाग मजकुराविना ठेवण्यास सांगते. यूट्यूबच्या थंबनेलवर उजव्या खालच्या कोपऱ्यात चित्रफितीची लांबी दाखवणारी काळी पट्टी येते. तिथे ‘भाग २’ लिहिले तर अंक त्या पट्टीखाली जातो. दूरचित्रवाणीवाल्यांना हा प्रश्न जुना आहे. जुन्या काचेच्या नळीच्या संचांत चित्राची कड चौकटीमागे लपत असे, म्हणून शीर्षके चित्राच्या मधल्या ८० टक्के भागात ठेवण्याची शिस्त त्यांनी घालून घेतली होती.

तपासणी

पोस्टर तयार झाल्यावर त्याची एक प्रत घ्या. फोनमध्ये छायाचित्र कापण्याची सोय असते, तिथे प्रमाण निवडता येते. ३:४ निवडून एक तुकडा आणि १:१ निवडून दुसरा तुकडा काढा. दोन्ही वेळा मध्य हलू देऊ नका. मग हे तुकडे मोठे न करता, ज्याने पोस्टर केलेले नाही अशा व्यक्तीला मोठ्याने वाचायला सांगा. स्वतः वाचू नये. ज्याने मजकूर लिहिला त्याला नसलेली अक्षरेही दिसतात. मुद्रितशोधनात आपण हा अनुभव घेतला आहेच. वाचणारा कुठे अडखळतो हे पाहाच, पण न अडखळता चुकीचे वाचतो का, याकडे अधिक लक्ष द्या.

चित्र टाकल्यानंतर ग्रिडमध्ये ते थोडे सरकवण्याची सोय मिळते, तिचा उपयोग होतो. परंतु सरकवल्याने चौकट रुंद होत नाही. उजवीकडचा ‘ही’ परत आणायचा तर डावीकडचे आणखी एखादे अक्षर द्यावे लागते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. वाचनालयाचे पोस्टर ३:४ प्रमाणात, १०८० बाय १४४० चे केले आहे. ते ४:५ आणि १:१ या चौकटींत किती कापले जाईल?

२. व्हॉट्सॲपवरील समूहाचे चित्र वर्तुळात दिसते. १००० बाय १००० च्या चित्रात चारोळीसारखा चार ओळींचा चौकोनी मजकूर बसवायचा आहे. त्याची बाजू जास्तीत जास्त किती ठेवता येईल?

३. ‘अपूर्ण अर्ज १२ जुलैनंतर स्वीकारले जाणार नाहीत’ ही सूचना एका ओळीत दिली आहे. दोन्ही कडा कापल्या गेल्यास कोणते अर्थ निघू शकतील? ओळी मोडून तिची मांडणी सुधारा.

उत्तरे

१. ४:५ मध्ये उंची १३५० उरते, म्हणून वरून व खालून प्रत्येकी ४५ पिक्सेल जातात. १:१ मध्ये १०८० उरते, म्हणून प्रत्येकी १८० जातात. रुंदी दोन्ही वेळा पूर्ण राहते.

२. वर्तुळात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या चौरसाची बाजू व्यासाच्या सुमारे ०.७०७ पट असते, म्हणजे इथे ७०७ पिक्सेल. प्रत्येक कडेपासून जवळजवळ १४७ पिक्सेल सोडावे लागतात. शब्द वर्तुळाला टेकू नयेत म्हणून प्रत्यक्षात बाजू ६५० च्या आसपास ठेवावी.

३. डावीकडचा ‘अ’ गेल्यास ‘पूर्ण अर्ज’ असे वाचले जाईल. उजवीकडचा ‘नाहीत’ गेल्यास ‘स्वीकारले जाणार’ असा होकार उरेल. दोन्ही गेल्यास ‘पूर्ण अर्ज १२ जुलैनंतर स्वीकारले जाणार’ असे व्याकरणदृष्ट्या जवळजवळ निर्दोष आणि सर्वस्वी चुकीचे वाक्य तयार होते. सुधारलेली एक मांडणी अशी : पहिल्या ओळीत ‘शेवटची तारीख’, दुसऱ्या ओळीत मोठ्या अक्षरांत मध्यभागी ‘१२ जुलै’, आणि त्याखाली ‘अर्ज पूर्ण भरावा’. येथे नकार उरतच नाही, त्यामुळे तो कापला जाण्याचा प्रश्नही येत नाही.